९० नंतर रोल लंगडतो, पॅराडिडल मोडतो: पॅडवर दोष कसा शोधायचा

ड्रमच्या सरावाच्या पॅडवर स्टिक्सने वाजवताना दिसणारी लक्षणं आधी सांगतो.

मेट्रोनोम ६० वर असताना एका मात्रेत चार स्ट्रोक अगदी सरळ पडतात. ८० पर्यंतही ठीक. ९० ते १०० च्या आसपास मात्र 'टक टक टक टक' चं 'टक-टक् टक-टक्' व्हायला लागतं, घोड्याच्या टापांसारखं. उजव्याचा आवाज भरीव आणि डाव्याचा पातळ येतो, जणू दोन वेगळ्या पॅडवर वाजतंय. पॅराडिडलमध्ये शेवटच्या जोडीतला दुसरा स्ट्रोक गिळला जातो, किंवा पहिल्याच्या पाठीवर आदळतो. वेग वाढवायला गेलं की डावी मूठ आवळते, खांदा वर चढतो, आणि मिनिटभरात कोपरापासून मनगटापर्यंत हात दगडासारखा होतो. मेट्रोनोम बंद केला की सगळं सुरळीत वाटतं, आणि लावला की पुन्हा उघडं पडतं.

यातली दोन-तीन लक्षणं तुमच्यात असतील, तर पुढच्या तपासण्या क्रमाने करा. पण मनगटात कळ येत असेल किंवा बोटं बधिर होत असतील, तर थेट शेवटचा भाग वाचा आणि आज स्टिक हातात घेऊ नका.

लिहिण्याची पद्धत सांगतो. 'उ' म्हणजे उजवा हात, 'डा' म्हणजे डावा. सिंगल स्ट्रोक रोल म्हणजे उ डा उ डा, उ डा उ डा. सिंगल पॅराडिडल म्हणजे उ डा उ उ, डा उ डा डा. डावखुऱ्यांनी पुढे सगळीकडे उजव्याच्या जागी डावा वाचावा. त्यांच्याकडे दोष बहुतेक वेळा उजव्या हातात सापडतो.

पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने १९८४ मध्ये ४० रुडिमेंट्सची, म्हणजे ड्रमवादनातल्या मूलभूत स्ट्रोक-रचनांची, जी यादी ठरवली, तिच्यात सिंगल स्ट्रोक रोल पहिला आहे आणि सिंगल पॅराडिडल सोळावा. यादीत एवढं अंतर असलं तरी मी दोन्ही एकत्रच तपासतो, कारण एकातला दोष दुसऱ्यात वेगळ्या रूपात दिसतो. ते का, हे एका छोट्या हिशोबातून कळतं.

वेगाचा हिशोब

९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० मात्रांच्या वेगाला, एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची असते. तिचे चार भाग केले की दोन स्ट्रोकमधलं अंतर येतं १६७. सिंगल स्ट्रोक रोलमध्ये हात आलटून पालटून चालतात, त्यामुळे एकाच हाताला दोन स्ट्रोकच्या मध्ये ३३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढा वेळ मनगटाला पुरतो.

आता पॅराडिडल बघा. 'उ उ' ही जोडी एकाच हाताने वाजवायची आहे आणि तिच्यातलं अंतर आहे १६७. म्हणजे त्या क्षणापुरतं हाताला दुप्पट वेगाने चालावं लागतं. १८० च्या सिंगल स्ट्रोक रोलमध्ये एका हाताला जो वेग लागतो, तोच इथे ९० ला लागतो. त्यामुळे "रोल ११० ला जमतो, मग पॅराडिडल ९० ला का मोडतो?" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा आळशीपणात किंवा सरावाच्या कमतरतेत नसतं. हाताकडून मागणीच दुप्पट झालेली असते, आणि ती एकट्या मनगटाने भागत नाही. तिथे पॅडच्या उसळीची आणि बोटांची मदत घ्यावी लागते.

पहिली तपासणी: रेकॉर्ड करा आणि मोजा

याला खर्च काही नाही आणि वेळ पाच मिनिटांचा. मेट्रोनोम हेडफोनमध्ये ऐका, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये फक्त तुमचे स्ट्रोक येतील. फोन पॅडपासून हातभर दूर ठेवा आणि ९० ला रोल अर्धा मिनिट वाजवा. मग ते रेकॉर्डिंग Audacity सारख्या कुठल्याही ध्वनी-संपादकात उघडा. पॅडवरचा प्रत्येक स्ट्रोक उभ्या काट्यासारखा दिसतो. लागोपाठच्या दोन काट्यांच्या सुरुवातींमधलं अंतर निवडलं की मिलिसेकंद कळतात. असे सोळा-वीस काटे मोजा.

ही तपासणी सगळ्यात आधी करायचं कारण असं, की वाजवताना आपला कान आपल्याच हाताला सांभाळून घेतो. डावा मागे पडत असतो आणि आपल्याला तो जागेवर वाटत असतो. माझा स्वतःचा रोल लंगडतो हे मला वर्षभर कळलं नव्हतं. ते पहिल्यांदा कळलं रेकॉर्डिंगमधून.

आकड्यांमध्ये तीन प्रकार दिसतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे.

अंतरं लांब-आखूड, लांब-आखूड अशी येत असतील, पण शेजारच्या दोघांची बेरीज दर वेळी साधारण ३३३ च भरत असेल, तर एक हात घड्याळासारखा चालतोय आणि दुसरा त्याच्यामागे फरफटतोय. हा हाताचा दोष.

अंतरं एकमेकांशी सारखी आहेत पण हळूहळू आखूड होत चालली आहेत, तर हात ठीक आहेत आणि लय पळतेय. त्याला पुढच्या तपासण्या लागत नाहीत. मोठ्याने मात्रा मोजत वाजवणं आणि मेट्रोनोमचा क्लिक दर चार मात्रांना एकदाच ठेवणं, एवढ्याने बहुतेकांचं काम होतं.

पॅराडिडलमध्ये पहिली दोन अंतरं बरोबर, तिसरं आखूड आणि चौथं लांब, असं चित्र दिसलं तर जोडीतला दुसरा स्ट्रोक लवकर पडतोय. त्याची तपासणी पुढे पाचव्या क्रमांकाला आहे.

एका विद्यार्थिनीचं उदाहरण घेतो. तीन महिने पॅडवर वाजवत होती आणि ९० ला अडकली होती. तिच्या रोलमध्ये उजव्यापासून डाव्यापर्यंतचं अंतर सरासरी १९० आलं, डाव्यापासून उजव्यापर्यंतचं १४३. बेरीज ३३३. म्हणजे उजवा क्लिकला धरून होता आणि डावा दर वेळी २३ मिलिसेकंद उशिरा पोचत होता. ती मात्र दोन आठवडे दोन्ही हातांचा वेग वाढवायच्या मागे होती. उजव्याला काही झालेलंच नव्हतं.

दुसरी तपासणी: पॅड कुठे आणि कसा ठेवलाय

पॅड गादीवर, उशीवर किंवा मांडीवर असेल तर तो आधी टेबलावर किंवा स्टँडवर ठेवा. मऊ जागेवर पॅड स्वतःच खाली दबतो, स्टिकची उसळी खाऊन टाकतो आणि मग स्टिक उचलायचं काम हाताला करावं लागतं. ताकदवान हात ते निभावून नेतो, कमजोर हात निभावत नाही. म्हणून लंगडेपणा मऊ जागेवर जास्त दिसतो.

पॅड टेबलावर सरकत असेल तर खाली रबरी जाळी किंवा ओलसर फडकं ठेवा. उंची अशी हवी की खांदे सैल सोडून कोपर दुमडले, तर स्टिकचं टोक पॅडच्या मध्यावर टेकताना हात किंचित खाली उतरता राहील. पॅड उंच झाला की खांदा चढतो, फार खाली गेला की मनगट मोडून धरावं लागतं.

एक बारीक गोष्ट इथेच बघून घ्या. दोन्ही स्टिक्सची टोकं पॅडच्या मध्याजवळ, एकमेकींपासून दोन बोटांच्या अंतरात पडताहेत ना? पॅड जरासा उजवीकडे सरकलेला असेल तर डावी स्टिक काठावर पडते. काठावरची उसळी वेगळी असते आणि आवाजही. मध्यावर खडूने छोटं वर्तुळ काढलं की हे लगेच दिसतं.

तिसरी तपासणी: स्टिक्सची अदलाबदल

उजव्या हातातली स्टिक डाव्यात घ्या, डाव्यातली उजव्यात, आणि पुन्हा रेकॉर्ड करा. पातळ आवाज आता उजवीकडे गेला तर दोष स्टिकचा. तो डावीकडेच राहिला तर दोष हाताचा. इतकी स्वच्छ तपासणी दुसरी नाही, आणि आश्चर्य म्हणजे ती कोणी करत नाही.

स्टिकचा दोष निघाला तर कारणं तीनच असतात. टोकाचं लाकूड झिजलेलं किंवा कपचा उडालेला असतो, स्टिक वाकडी असते (सपाट टेबलावर लोळवली की डगमगते), किंवा जोडीतल्या दोघींचं वजन वेगळं असतं. सुरुवातीला ५ए मापाची जोडी पुरेशी आहे, लांबी साधारण १६ इंच आणि जाडी १४ मिलिमीटरच्या आसपास. सरावासाठी म्हणून मुद्दाम जड स्टिक्स घेऊ नका. हा दोष असलेल्या हाताला जड स्टिक दिली की तो आणखी आवळतो.

वरच्या विद्यार्थिनीचा पातळ आवाज डावीकडेच राहिला.

चौथी तपासणी: पकड आणि उसळी

बहुतेकांचा दोष इथे सापडतो, म्हणून इथे घाई करू नका.

स्टिक तर्जनीवर आडवी तोलून बघा. जाड टोकाकडून साधारण एक तृतीयांश अंतरावर, किंवा त्याच्या जरा पुढे-मागे, अशी एक जागा सापडेल जिथून पुढचा भाग पुरेसा जड राहतो आणि स्टिक मोकळी उसळते. तिथे अंगठा आणि तर्जनीचं पहिलं पेर यांच्यात ती धरा. हा फल्क्रम. बाकीची तीन बोटं स्टिकला नुसती टेकलेली, दाबलेली नाहीत. तळहात खाली वळलेला.

आता स्टिकचं टोक पॅडच्या वर वीतभर न्या आणि सोडून द्या. मारू नका. फल्क्रमला एवढंच धरायचं की स्टिक निसटू नये. टोक पॅडवर पडेल, उसळेल, पुन्हा पडेल, आणि उसळ्या जवळजवळ येत थांबतील. त्या मोजा. फल्क्रमची जागा बोटभर पुढे-मागे सरकवून बघा आणि सगळ्यात जास्त उसळ्या जिथे मिळतात तिथे स्टिकवर चिकटपट्टीची बारीक पट्टी लावा. हाच प्रयोग डाव्याने करा.

त्या मुलीच्या उजव्याला नऊ उसळ्या मिळाल्या, डाव्याला तीन. स्टिक तीच, पॅड तोच. मी तिचा डावा हात जवळून बघितला. अंगठ्याचं टोक मागे मोडलेलं होतं आणि नखाच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. करंगळी स्टिकचं मागचं टोक तळहातात दाबून धरत होती. स्टिक उसळायला निघाली की करंगळी तिला तिथेच थांबवत होती. मग प्रत्येक स्ट्रोकनंतर स्टिक वर आणायला ती कोपरातून हात उचलत होती, आणि तेवढ्या हालचालीत ते २३ मिलिसेकंद जात होते.

हा दोष सुधारायला जो स्ट्रोक शिकायचा तो असा. टोक पॅडच्या वर वीतभर. मनगटाने स्टिक खाली फेका आणि टोक पॅडला लागताच हात सैल सोडा. स्टिक स्वतःहून निघाली होती तिथपर्यंत परत आली पाहिजे. वर आणायचं काम पॅडचं आहे. प्रत्येक स्ट्रोकनंतर थांबून बघा, टोक कुठे उभं आहे. सुरुवातीच्या उंचीवर असेल तर स्ट्रोक मोकळा आहे. अर्ध्यावर असेल तर बोटं कुठेतरी तिला अडवताहेत. मेट्रोनोम ६० वर ठेवून दर क्लिकला एकच स्ट्रोक, रोज पाच मिनिटं, फक्त कमजोर हाताने. मन रमत नाही, हे मान्य. तरीही दुसरं काही करण्याआधी हेच करा, कारण आवळलेल्या पकडीवर वेग चढवला तर हाताला आवळायचीच सवय पक्की होते.

इथे आरसा वापरा, किंवा फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. दोन्ही हात शेजारी बघितले की फरक डोळ्यांत भरतो: एका अंगठ्याचं नख बाजूला आणि दुसऱ्याचं वर, एक मनगट सरळ आणि दुसरं आत वळलेलं. दोन हातांनी दोन वेगळ्या पकडी धरल्या असतील तर आवाज एकसारखा येणार नाही, कितीही सराव केला तरी.

पकड बरोबर झाल्याची खूण म्हणजे डाव्याच्या उसळ्या उजव्यापेक्षा एक-दोननेच कमी येतात. त्या मुलीला तिथवर यायला आठ-नऊ दिवस लागले. दोष जुना असेल तर जास्त लागतील.

एकट्या हाताची मर्यादा

उसळी सुटली तरी रोल लगेच सरळ होत नाही, कारण कमजोर हाताला दोन गोष्टी शिकायच्या राहिलेल्या असतात: दम आणि जागा.

दम मोजायला एका मात्रेत दोन स्ट्रोक, फक्त एका हाताने, एक मिनिट वाजवा. रोलमध्ये त्या हाताला नेमकं एवढंच करायचं असतं. वेग चार-चारने वाढवत जा आणि हात आवळायला लागला की तो आकडा लिहून ठेवा. तिच्या उजव्याची मर्यादा १४० आली, डाव्याची ९६. रोलचा वेग नेहमी कमजोर हाताच्या मर्यादेने ठरतो, त्यामुळे ९० ला ती आधीच काठावर होती.

यावरचा सराव बारा मात्रांचा आहे. आठ स्ट्रोक उजव्याने, मात्रेला दोन याप्रमाणे. मग आठ डाव्याने, तसेच. मग सोळा आलटून पालटून, मात्रेला चार. तिसऱ्या भागात वेग दुप्पट झाल्यासारखा ऐकू येतो, पण कुठल्याच हाताचा वेग बदललेला नसतो. उजव्याने पहिल्या आठासारखंच चालत राहायचं आणि मधल्या मोकळ्या जागा डाव्याने भरायच्या. सोळा सुरू होताना उजवा हात घाबरून पळायला लागला, तर मेट्रोनोम दहाने खाली आणा.

आता जागेबद्दल. वरच्या सरावात डावा जेव्हा एकटा वाजतो तेव्हा तो क्लिकवर पडतो. रोलमध्ये मात्र तो कधीच क्लिकवर नसतो. मात्रेचे चार भाग केले तर दुसरा आणि चौथा भाग त्याचा. म्हणजे आपण त्याला एका जागी शिकवतो आणि दुसऱ्या जागी उभं करतो. दम असूनही उशिरा पडणाऱ्या डाव्याचं कारण पुष्कळदा हेच निघतं. त्यासाठी मात्रेचे चार भाग तोंडाने म्हणा, 'एक-दोन-तीन-चार', आणि डाव्याने फक्त 'दोन' आणि 'चार' वर वाजवा. उजवा हात पॅडच्या वर हवेत 'एक' आणि 'तीन' ची हालचाल करेल, पॅडला न लागता. ६० ला सुरू करा. मिनिटभराने उजव्याला पॅडवर उतरू द्या. डाव्याने आपली जागा सोडली नाही तर रोल तिथेच सरळ ऐकू येतो.

यासोबत रोल डाव्याने सुरू करायची सवय लावा: डा उ डा उ. आठवड्यातले निम्मे दिवस तरी.

पाचवी तपासणी: पॅराडिडलमधली जोडी

रोल सुधारला आणि पॅराडिडल अजून मोडतो, तर पॅराडिडल बाजूला ठेवा आणि त्याच वेगाला नुसत्या जोड्या वाजवा: उ उ डा डा. इथेही दुसरा स्ट्रोक बारीक किंवा लवकर येत असेल तर दोष जोडीचा आहे. जोड्या स्वच्छ आणि पॅराडिडल तेवढा अडखळत असेल तर हातांचा क्रम अजून डोक्यात बसलेला नाही. क्रमाच्या दोषाला स्टिकही लागत नाही. मांडीवर हाताने वाजवत तोंडाने 'उ डा उ उ, डा उ डा डा' म्हणा, बोलता बोलता हात न चुकेपर्यंत.

जोडीचा दोष वेगाप्रमाणे बदलतो. ६०-७० ला दोन्ही स्ट्रोक मनगटाने वेगवेगळे वाजवता येतात. १३० च्या पुढे एका फेकीत स्टिक दोनदा पडते आणि दुसऱ्या वेळी बोटं तिला आत ओढून बळ देतात. त्रास मधल्या पट्ट्यात होतो, माझ्या अनुभवात ८० ते ११० मध्ये. मनगटाला हा वेग जास्त होतो आणि नुसती उसळी सोडली तर ती फार लवकर पडते. 'तिसरं अंतर आखूड, चौथं लांब' हे चित्र इथलंच.

उपाय म्हणजे दुसऱ्या स्ट्रोकवर जोर देणं. ६० ला उ उ डा डा वाजवा आणि प्रत्येक जोडीतला दुसरा मोठा काढा. पहिला स्ट्रोक मनगटाने खाली टाका, स्टिक उसळत असताना मागची तीन बोटं जरा उघडी राहू द्या, आणि दुसऱ्याला ती पटकन तळहाताकडे मिटा. बोटं मिटताना टोक खाली येतं. सुरुवातीला हे वेंधळं वाटेल आणि स्टिक हातातून निसटेल. तसं झालं तर चालेल. ती निसटते याचा अर्थ निदान मूठ उघडली आहे. दहा दिवसांनी जोर काढून टाका आणि दोन्ही स्ट्रोक सारखे वाजवा.

सुरुवातीला पॅराडिडलमध्ये जोर कुठेच देऊ नका. आठही स्ट्रोक एका उंचीवरून, चार बोटांएवढ्या. मग रेकॉर्ड करून डोळे मिटून ऐका. कुठे एक हात आहे आणि कुठे जोडी, हे ऐकून सांगता येत असेल तर पॅराडिडल अजून तयार नाही. सांगता येत नसेल तेव्हाच पहिल्या स्ट्रोकवर जोर द्यायला सुरुवात करा.

जोर आला की उंचीचा प्रश्न येतो, आणि इथे पुष्कळांचं पुन्हा बिघडतं. 'उ डा उ उ' मध्ये पहिला 'उ' उंचावरून येतो आणि खालीच थांबतो, कारण पुढचे दोन 'उ' खालून वाजवायचे आहेत. मधला 'डा' वाजतो खालूनच, पण वाजल्यावर वर जातो, कारण पुढचा मोठा स्ट्रोक त्याचा आहे. तो 'डा' वर गेला नाही तर पुढच्या चौकडीचा जोर ऐनवेळी हात उचलून द्यावा लागतो आणि लय तिथे ओढली जाते. ४० ला, प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही टोकं कुठे आहेत ते बघत, हे वाजवा.

वेग कसा चढवायचा

जिथे एक मिनिट न आवळता वाजतं तो तुमचा आजचा वेग. त्याच्यावर चारने जा. तिथे मिनिटभर टिकलं तर ठेवा, नाहीतर आठने खाली या. दिवसाला वीस मिनिटं पुरतात: पाच मोकळ्या स्ट्रोकना, पाच कमजोर हाताला, पाच रोलला, पाच पॅराडिडलला. एकाच दिवशी दोन तास आणि मग चार दिवस काही नाही, असं केलं की पकड पुन्हा जुन्यावर जाते.

दर रविवारी ९० चं तेच अर्धं मिनिट रेकॉर्ड करा आणि मोजा. त्या मुलीचे १९० आणि १४३ हे आकडे तीन आठवड्यांनी १७१ आणि १६२ झाले. एवढा फरक कानाला लंगडा वाटत नाही. तोपर्यंत तिच्या डाव्याची मर्यादा ११६ वर आली होती आणि पॅराडिडल ८८ ला स्वच्छ होता.

कधी थांबायचं आणि कोणाकडे जायचं

हाताच्या स्नायूत जळजळ होऊन दोन मिनिटांच्या विश्रांतीत गेली तर तो थकवा. त्या दिवशी वेग कमी करा, एवढंच.

मनगटात किंवा कोपराच्या बाहेरच्या बाजूला टोचल्यासारखी कळ आली तर त्याच क्षणी थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत असेल किंवा सूज असेल तर डॉक्टरांना दाखवा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत मुंग्या येणं किंवा बधिरपणा, विशेषतः रात्री झोपेतून उठवणारा, ही मनगटातून जाणारी नस दबल्याची खूण असू शकते. त्यावर पकड बदलून, पट्टा बांधून किंवा गोळी घेऊन वाजवत राहू नका. डॉक्टरांना तुम्ही काय आणि किती वेळ वाजवता ते स्पष्ट सांगा, आणि ते सांगतील तोपर्यंत पॅड बंद.

दुखत काहीच नाही, पण चार आठवडे रोज सराव करूनही दोन अंतरांमधला फरक जागचा हलत नसेल, तर एकट्याने आणखी प्रयोग करू नका. शिक्षकाकडे जा. तसंच उसळ्यांची तपासणी पुन्हा पुन्हा फसत असेल तरी जा, कारण अंगठ्याचा कोन आणि बोटांचा दाब लिहून पूर्ण सांगता येत नाही. ते हात धरूनच दाखवावं लागतं. जाताना तीन गोष्टी न्या: सुरुवातीचं आणि आत्ताचं ९० चं रेकॉर्डिंग, दोन्ही हातांची एकट्याची मर्यादा, आणि समोरून घेतलेलं स्लो मोशन चित्रण. आणि शिक्षकासमोर जो वेग तुम्हाला मोडतो तोच आधी वाजवा. जमतो तो वाजवला तर दोष त्यांना दिसणारच नाही.